आरशासमोर कुणी वाकत नाही

नवरात्रातला पांढऱ्या रंगाचा दिवस होता. अंबाबाईच्या देवळातली बायकांची रांग सकाळीच महाद्वाराच्या बाहेर आली होती आणि पांढऱ्याच्या जेवढ्या म्हणून छटा असतात तेवढ्या त्या रांगेत उभ्या होत्या. मोतिया, दुधी, नीळ जास्त झालेला, कपाटात राहून पिवळसर पडलेला. मोगऱ्याचा आणि कापराचा वास, पायाखाली ओली फरशी. माझ्यापुढं कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी होती. आखूड कुर्ती, खाली पांढरी लेगिंग. ती उभी होती तोवर काही वावगं नव्हतं. मग तिच्या हातातली ओटीची पिशवी निसटली, नारळ घरंगळत पलीकडच्या बाईच्या पायाशी गेला, ती उचलायला वाकली, आणि मागच्या सगळ्यांना आतल्या कपड्याची किनार तर दिसलीच, त्यावरची बारीक फुलंही दिसली. ती सरळ झाली आणि कापड पुन्हा मुकाट पांढरं झालं. तिला पत्ताही नव्हता. माझ्या शेजारी इरकली लुगड्यातली एक म्हातारी होती. ती काही न बोलता दोन पावलं पुढं सरकली, त्या मुलीच्या पाठीला जवळजवळ चिकटून उभी राहिली आणि शेवटपर्यंत तशीच चालत राहिली. मुलगी वैतागली. "आज्जी, जरा मागं सरका की ओ." आजी जागची हलली नाही.

आजीचं मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. सांगून टाकायचं की तिला! पण काय सांगायचं, आणि सांगून ती त्या रांगेत काय करणार होती? मी स्वतः तरी कुठं काही बोलले. अशा वेळी बाई बाईला जे सांगते त्यात काळजी असते आणि बारीकसा ठपकाही असतो, "असं कसं घातलंस" असा. तो ठपका मला त्या मुलीवर ठेववेना, कारण आयुष्यातली बरीच वर्षं मी इचलकरंजीकडच्या एका कारखान्यात कापड तपासायच्या खोलीत काढली आहेत. त्या मुलीनं घरून निघताना आरशात नक्की पाहिलं असणार. आरशात दिसलं ते कापड वेगळं होतं आणि वाकल्यावर अंगावर होतं ते वेगळं. हे मी अलंकारिक बोलत नाही, वजनानं मोजून दाखवता येईल असं वेगळं.

घरी आल्यावर हे पुतणीला सांगितलं, तर ती लगेच स्वतःची बाजू मांडायला लागली, जणू मी तिलाच बोलत होते. "आत्या, मी ट्रायल रूममध्ये बघितलो की. काय सुदिक दिसत नव्हतं." तिनं तिची पांढरी लेगिंग आणून पलंगावर टाकली. घडीतलं कापड खरोखरच दाट दिसत होतं. हाताला मऊ, थोडं जडच. मी त्यात मूठ घालून बोटं फाकवली आणि दुसऱ्या हातानं खाली ओढलं. तळहातावरच्या रेषा दिसायला लागल्या. "आता गं बया," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ दोघी जणी कपाटातल्या सगळ्या पँटींमध्ये हात घालत बसलो.

लेगिंगचं कापड मागावर ताणा-बाणा घालून विणलेलं नसतं. ते गोल मशिनीवर सुयांनी टाके घालत विणतात. टाक्यात टाका अडकवलेला, आणि सुतासोबत लायक्राचा बारीक धागा ताणून भरलेला. मशिनीवरून कापड उतरलं की लायक्रा आखडतो आणि टाके एकमेकांना खेटून बसतात. म्हणून दुकानात लेगिंग दाट लागते. सूत स्वतः फारसं लांबत नाही. आपण ओढतो तेव्हा लांबतो तो टाका, म्हणजे त्याच्या गोलाईचे दोन पाय एकमेकांपासून दूर जातात आणि मधली जागा उघडी पडते. लायक्राचं काम ओढू देणं आणि सोडल्यावर परत आणणं एवढंच. झाकायचं काम सुताचं, आणि सूत तेवढंच राहतं. क्षेत्र वाढलं, सूत वाढलं नाही. यापुढं सगळी गोष्ट गुणाकार-भागाकाराची आहे.

कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. तपासायच्या खोलीत त्यासाठी एक गोल कटर असतो. कापडावर ठेवून दाबत फिरवला की साधारण ११.३ सेंटिमीटर व्यासाची चकती निघते, म्हणजे बरोबर १०० चौरस सेंटिमीटर. ती काट्यावर ठेवायची आणि आलेल्या ग्रॅमना शंभरानं गुणायचं. २ ग्रॅम भरली तर २०० जीएसएम. सुती लायक्राच्या बऱ्यापैकी लेगिंगचं कापड साधारण १८० ते २२० मध्ये असतं, स्वस्तातलं १६० च्या आसपास किंवा त्याखालीही. व्यापारी हा आकडा मोठ्या अभिमानानं सांगतात आणि तो खराही असतो. फक्त तो टेबलावर निवांत पसरलेल्या कापडाचा असतो.

पुतणीची लेगिंग पलंगावर सपाट ठेवून नितंबांच्या जागी पट्टी लावली तर ३४ सेंटिमीटर रुंद भरली. म्हणजे घेर ६८. तिचा स्वतःचा घेर ९६. तेव्हा नुसती घालून ती सरळ उभी राहिली तरी तिथं कापड आडवं जवळजवळ १.४ पट ताणलेलं आहे. आता वाकलं की पाठीमागची कातडीच लांब होते, गुडघ्यावर होते तशी. कमरेला इलास्टिक धरून आहे, खाली मांडीवर कापड चिकटून आहे, त्यामुळं मधल्या भागाला उभंही ताणावं लागतं. तो ताण १.२ पट धरू. १.४ गुणिले १.२ म्हणजे १.६८. दुकानात २०० जीएसएमचं असलेलं कापड वाकलेल्या अंगावर ११९ चं उरलं. १६० चं असेल तर ९५. आणि हीच लेगिंग १०६ घेराच्या बाईनं घातली तर आडवा ताण १.५६, वाकल्यावर क्षेत्र १.८७ पट, आणि २०० चे राहिले १०७. एकाच गठ्ठ्यातली, एकाच रंगाची, एकाच किमतीची पँट एकीला झाकते आणि दुसरीला उघडं पाडते, आणि दुकानदार दोघींना सांगतो, "ताई, फ्री साइज आहे, कुणालाही बसते." बसते हे खरंच आहे.

फ्री साइजवर माझा जुना राग आहे.

साइज ठेवायच्या नाहीत म्हणजे कारखान्याचा कटिंगचा त्रास वाचतो, दुकानदाराचा माल पडून राहत नाही, आणि या बचतीची किंमत जाड बाईच्या कापडातून वसूल होते. वर तिलाच वाटतं की आपलं अंग वाढलंय म्हणून असं दिसतं. एक साइज मोठी घेतली तर तीच पँट पुष्कळ झाकते, कारण ताण कमी होतो. पण लेगिंग थोडी सैल राहिली की गुडघ्याशी चुण्या पडतात आणि चुण्या कुणाला नको असतात.

वजनानं सगळं ठरतं असंही नाही. एका बाजूनं विणलेलं साधं जर्सी कापड आणि इंटरलॉक, दोन्ही २०० चे घेतले तरी ताणल्यावर वेगळे वागतात. इंटरलॉकमध्ये सुयांच्या दोन रांगा असतात आणि टाके पाठीला पाठ लावून बसतात. एका बाजूच्या टाक्यांमध्ये फट पडली तर मागं दुसऱ्या बाजूचा टाका उभा असतो. ओळखायला सोपं आहे. जर्सीच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात, कापलेली कड गुंडाळत जाते. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि कड सपाट राहते. खेळाच्या चांगल्या पँटी बहुतेक अशाच असतात. त्या उन्हाळ्यात उकडतात, हेही खरं. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये इंटरलॉक घालून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

काळ्या रंगाला हे होत नाही असा एक समज आहे. २०१३ च्या मार्चमध्ये लुलुलेमन नावाच्या कॅनडातल्या मोठ्या कंपनीला योगाच्या काळ्या पँटी दुकानांतून परत मागवाव्या लागल्या, कारण वाकल्यावर त्या पारदर्शक व्हायच्या. तिच्या बायकांच्या पँटींपैकी सुमारे १७ टक्के माल त्यात गेला. कापड सपाट ठेवून केलेल्या चाचण्यांत ते कळत नव्हतं. पँट घालून वाकून बघणं हीच खरी चाचणी, असं तेव्हा कंपनीच्या प्रमुखबाईंनीच सांगितलं होतं. आमच्या खोलीत त्या बातमीवर बरीच चर्चा झाली. एवढी यंत्रं घेऊन बसलेली माणसं आणि शेवटी उपाय निघाला तो कुठल्याही आईनं मुलीला सांगितला असता तोच, "वाकून दाखव बघू."

तरीही रंगानं खूप फरक पडतो, आणि तो कसा पडतो हे नीट पाहिलं पाहिजे, कारण इथंच सगळ्यांचा अंदाज चुकतो. आतलं काही दिसायचं तर उजेडाला कापडातून दोनदा जावं लागतं. एकदा आत, कातडीवर आपटून पुन्हा एकदा बाहेर. काळ्या रंगातलं सूत उजेड पिऊन टाकतं, जाताना आणि येतानाही. पांढरं सूत पीत नाही. कापसाचा एकेक तंतू जवळजवळ पारदर्शकच असतो. कापूस पांढरा दिसतो तो तंतू आणि हवा यांच्या सीमेवर उजेड पुन्हा पुन्हा विखुरतो म्हणून. विखुरलेल्या उजेडातला काही बाहेर परततो आणि काही आत झिरपतो. म्हणजे पांढऱ्या कापडातून फटींमधून उजेड जातोच, आणि सुतातूनही जातो. काळ्याला एकच वाट मोकळी, फटीची. पांढऱ्याला दोन्ही. म्हणून एकाच विणीचं, एकाच वजनाचं कापड काळं असताना निभावतं आणि पांढरं असताना नाही. शिवाय ते एकाच वजनाचं राहतही नाही. उकळून ब्लीच करण्याच्या प्रक्रियेत कापसावरचं मेण आणि इतर मळ निघून जातो आणि कोऱ्या कापडाच्या वजनातले काही टक्के कमी होतात. गडद रंगात निदान रंगाचं थोडं वजन परत चढतं, पांढऱ्याला तेही मिळत नाही. चकचकीत पांढरेपणासाठी जी पावडर देतात तिनं कापड अधिक शुभ्र दिसतं, झाकण्यात कणभरही फरक पडत नाही. पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या पांढऱ्या पँटींत मात्र एक सोय असते. धागा बनवतानाच त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी मिसळतात. ती जास्त असलेल्या धाग्याला फुल डल म्हणतात. तो चमकत नाही आणि उजेड चांगला अडवतो. चमकणारी पांढरी लेगिंग जास्त पारदर्शक निघते ती याचमुळं.

आता आत काय आहे त्याचा प्रश्न. डोळा उजेड मोजत नाही, तो फरक पकडतो. पांढऱ्या पँटीखाली पांढरंच घालावं हा सल्ला आपल्याकडं आईकडून मुलीकडं गेलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. पांढरी चड्डी उजेड परत फेकते, शेजारची गव्हाळ कातडी कमी फेकते, आणि दोघींमधल्या सीमेवर स्वच्छ रेघ उमटते. देवळात जी किनार दिसली ती हीच. आतला कपडा अंगाच्या रंगाचा असेल तर सीमाच उरत नाही. दुकानात स्किन कलर म्हणून जे मिळतं ते मात्र कुणाची कातडी धरून बनवलंय कोण जाणे. आमच्या घरात तरी कुणाचा तो रंग नाही. मळकट बदामी असा तो आमच्या अंगावर जवळजवळ पांढऱ्याइतकाच उठून दिसतो. माझ्या सावळ्या पुतणीला तपकिरी जास्त जुळतो. हे तिला पटवायला मला खिडकीत उभं राहून पांढऱ्या ओढणीखाली तीन रंगांच्या चिंध्या धरून दाखवाव्या लागल्या. काळ्या पँटीच्या बाबतीत हाच नियम उलटा चालतो. तिथं फटीतून दिसणारी कातडी कापडापेक्षा उजळ असते, म्हणून ताणल्यावर काळ्यातून तपकिरी झाक येते, आणि गोऱ्या मुलीला ती आधी येते.

पांढऱ्या सैल सुती पँटींचं दुखणं थोडं निराळं आहे. त्या ताणल्या जात नाहीत म्हणून तर घ्यायच्या, असं वाटतं. पुतणीनं गॅदरिंगसाठी शिवायला आणलेलं कापड त्यातलंच, साठ काउंटच्या, म्हणजे बारीक सुताचं केंब्रिक. आमच्या भागात मागांवर असली कापडं किती निघतात ते इचलकरंजीच्या कुठल्याही गल्लीतून दुपारी चालत गेलं की कानांना कळतं. तिच्या कापडावर मी पीक ग्लास ठेवलं. हे एक घडीचं भिंग असतं, खाली एका इंचाची चौकट. त्यातून पाहत सुईनं धागे मोजायचे. उभे ९२, आडवे ८८. बाजारात हीच क्वालिटी मोठ्या प्रमाणात चालते.

सुताची जाडी काढायचा एक ढोबळ नियम आहे. १९३७ साली पीअर्स नावाच्या संशोधकानं कापडाच्या भूमितीवर जे काम केलं त्यातून तो आला. काउंटचं वर्गमूळ काढायचं, २८ नं गुणायचं, आणि जो आकडा येईल तेवढे धागे खेटून ठेवले तर एक इंच भरतो. साठच्या सुताचे २१७. पण कापडात उभे आहेत फक्त ९२, म्हणजे उभ्या धाग्यांनी इंचाचा ४२ टक्के भाग झाकला, ५८ मोकळा. आडव्या ८८ नं ४१ झाकला, ५९ मोकळा. दोन्हीकडून मोकळं राहिलेलं म्हणजे ५८ टक्क्यांचे ५९ टक्के, सुमारे ३४. त्या शुभ्र, कडक इस्त्रीच्या कापडाचा एक तृतीयांश भाग नुसतं भोक आहे. प्रत्यक्षात सूत दबून पसरट होतं, त्याची लव फटीत येते, म्हणून डोळ्याला तितकं मोकळं दिसत नाही. पण दोन कापडांची तुलना करायला हिशेब चांगला आहे. चाळीसच्या सुताचं पॉपलिन घ्या, उभे १३२, आडवे ७२. चाळीसचे इंचात १७७ बसतात. मोकळं राहतं २५ टक्क्यांचे ५९ टक्के, म्हणजे १५. पँटीचं ड्रिल, उभं वीसचं सूत १०८, आडवं सोळाचं ५६, त्यात मोकळं राहतं ते जेमतेम ७ टक्के. पुतणी म्हणाली, "मग ड्रिलच घेतलो असतो की." घे की. पण त्याचं वजन केंब्रिकच्या तिप्पट भरतं आणि ते घालून मार्चमध्ये नाचायचं आहे.

केंब्रिकची ही फट दुकानात दिसत नाही. त्याचं कारण खळ. नव्या कापडाला फिनिशिंगमध्ये खळ दिलेली असते, ती धाग्यांच्या मधे बसते, कापड दाट आणि कडक लागतं, खसखस आवाज करतं. पहिल्या धुण्यात ती पाण्याबरोबर जाते. कापडाचं टोक काळ्या कपड्यावर धरून दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं आणि पांढरी भुकटी पडली, तर समजायचं की आपण सुताच्या भावात थोडी कांजी घेतोय. शिवायच्या आधी कापड धुऊन घ्या असं शिंपी सांगतात ते आटण्यासाठी. खरं कापड केवढं आहे तेही त्याच धुण्यात समजतं. सुती कापड धुतल्यावर थोडं आटून दाट होतं, पण एवढी फट भरून निघेल इतकं नाही.

आणि सैल पँट ताणली जात नाही हेही अर्धंच खरं. बसलं, वाकलं, गाडीवर पाय टाकला की मांडीवर ती ताठ होते. धागे तर तिथल्या तिथंच असतात, तरी अचानक दिसायला लागतं. कारण कापड कातडीला टेकलं. बटर पेपर छापील अक्षरांवर टेकवून ठेवला तर अक्षर वाचता येतं, बोटभर वर उचलला तर नुसता धुरकट ठिपका राहतो. कागद तोच असतो. पांढरं कापड उजेड विखुरतं, आणि विखुरलेला उजेड जितका लांबून येतो तितकी आतली रेघ पुसट होत जाते. म्हणून घोळदार पांढरी सलवार पातळ असूनही अब्रू राखते आणि त्याच कापडाची बसती स्ट्रेट पँट राखत नाही. आमच्या आज्या-आत्या ज्या कापडाच्या सलवारी घालून सायकलवर शाळेत शिकवायला जात, ते आजच्यापेक्षा दाट होतं असं मला वाटत नाही. चुण्या जास्त होत्या, बस. एका चुणीत कापडाचे तीन थर येतात.

घोळ उन्हात मात्र फसवतो. सूर्य पाठीमागे असला की उजेडाला आत जाऊन परत यायची गरजच नसते, तो सरळ आरपार येतो आणि दोन पायांची सावली कापडावर पडते. इथं आतल्या कपड्याचा रंग कामाचा नाही, फट किती हेच कामाचं. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठानं समोरून येणाऱ्या माणसांकडं पाहिलं की पॉपलिन कोण आणि केंब्रिक कोण हे मला लांबूनच कळतं. हे कळणं काही सुखाचं नाही. माणसाकडं बघायच्या आधी कापडाकडं बघायची खोड लागली आहे, आणि कधी कधी वाटतं, बघणाऱ्या बाकीच्यांपेक्षा मी फार वेगळी आहे का? त्यांना हिशेब येत नाही एवढंच.

आमच्याकडचा पाऊस तर सगळेच हिशेब मोडतो. ओलं पांढरं कापड पारदर्शक होतं ते नुसतं चिकटल्यामुळं नाही. कोरडं असताना तंतूभोवती हवा असते आणि तंतू व हवा यांच्यात उजेड वळवण्याच्या ताकदीचा फरक मोठा असतो, म्हणून उजेड जोरात विखुरतो. हवेच्या जागी पाणी आलं की तो फरक निम्म्याहून कमी होतो. पाणी या बाबतीत कापसाच्या बरंच जवळचं आहे. विखुरणं कमी झालं की पांढरेपणाच कमी होतो, आणि त्या पांढरेपणावरच तर झाकण्याची सगळी भिस्त होती. जुलैमध्ये पांढरी पँट घालून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला पॉपलिनही वाचवू शकत नाही. घामाचंही तेच. गुडघ्याच्या मागं आधी दिसायला लागतं.

दुकानात काय करायचं, हे पुतणीच्या मैत्रिणी मला आता विचारतात. ट्यूबलाइटखाली बघू नका, पँट घेऊन दारात या. आत मूठ घाला, आडवी दीडपट ओढा आणि तशीच धरून उभीही थोडी ओढा, कारण नुसती आडवी ओढली तर उभी आखडते आणि कापड थोडं सावरून घेतं. तळहाताच्या रेषा दिसल्या तर ठेवून द्या. नुसती हाताची आकृती जाणवली तर पांढऱ्यात तेवढं चालतं, आत रंग जुळवून घ्या. घरी आणल्यावर क्लोरीनचं ब्लीच लावू नका. त्यानं लायक्रा तुटत जातो, मग ताणलेला टाका परत मिटत नाही आणि नवी असताना नीट असलेली पँट काही महिन्यांत गुडघ्याशी पिशवी होऊन बसते. आणि ट्रायल रूममध्ये आरशाकडं पाठ करून वाका. यावर त्या खिदळतात. हसू देत.

केंब्रिकचं कापड परत करता येत नव्हतं, फाडून आणलेलं. तेव्हा आम्ही ते घेऊन राजारामपुरीतल्या आमच्या नेहमीच्या शिंपीकाकांकडं गेलो आणि अस्तर लावायला सांगितलं. अस्तराचा हिशेब मी जाताना रिक्षात पुतणीला समजावला. एका थरात ३४ टक्के मोकळं, तसाच दुसरा थर खाली ठेवला तर वरच्या भोकाखाली भोक यायची शक्यता पुन्हा ३४ टक्के, म्हणजे दोन्हींतून आरपार फक्त १२. दोन पातळ थर एका जाड पॉपलिनपेक्षा बरे पडतात, आणि मधे हवा राहते म्हणून रेघही पुसट होते. काकांनी पांढऱ्या अस्तराचा ठाण काढला. मी म्हटलं, पांढरं नको, हे घ्या, आणि पिशवीतून फिकं तपकिरी काढलं. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडं आणि मग पुतणीकडं पाहिलं. "पांढऱ्याला तपकिरी अस्तर? वैनी, गिऱ्हाईक शिव्या घालंल मला." मी दोन्ही अस्तरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, वर केंब्रिक अंथरलं, आणि मधोमध पुतणीचा हात आत सरकवला. पांढऱ्यावरचं कापड लखलखत होतं आणि त्यात अस्तराची कड संपते तिथं ठळक रेघ होती. तपकिरीवरचं थोडं मळकं, सायीच्या रंगाकडं झुकलेलं दिसत होतं, पण कड कुठं संपते आणि हात कुठं सुरू होतो ते शोधावं लागत होतं. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिसत न्हाई हे खरं. पर पांढरं पांढरं ऱ्हात न्हाई." बरोबर होतं त्यांचं. पुतणीला शुभ्र हवं होतं. त्या दोघांची तिथंच घासाघीस सुरू झाली. शेवटी गुडघ्यापर्यंत तपकिरी आणि खाली अस्तरच नको असं ठरलं. मग काकांनी विचारलं, गुडघ्यावर जिथं अस्तर संपतं तिथं रंग बदललेला दिसंल, त्याचं काय करायचं? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अस्तर घोट्यापर्यंत न्यायचं ठरलं, आणि काकांनी शिलाईत ऐंशी रुपये वाढवले.